तन्वीने सांगितलेली दुसरी गोष्ट

शनिवार, रात्र

आमच्या कोपरखैरण्याच्या शाळेत आठवीच्या वर्गात या आठवड्यात जे घडले, ते सविस्तर लिहून ठेवतो आहे. सोमवारी दोन्ही मुलांचे पालक येणार आहेत आणि त्याआधी मला स्वतःशी काही गोष्टी स्पष्ट करून घ्यायच्या आहेत. मुलांची नावे बदलली आहेत.

निखिल अडखळत बोलतो. हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणताना पहिलेच अक्षर त्याच्या घशात अडकते, आणि ते सुटेपर्यंत मागच्या बाकांवरून सुजय हळू आवाजात ‘ह-ह-ह’ करतो. पुढे तासाला उत्तर देतानाही हेच होते, मी फळ्याकडे वळलो असेन तेव्हा. वर्ग हसतो आणि निखिलही हसतो. गेल्या महिन्यापासून निखिल रोज हजेरी संपल्यावरच वर्गात येऊ लागला. उशिराचा शेरा त्याने मुकाट्याने घेतला, कारण पाण्याची बाटली हातात धरून जिन्याखाली थांबणे त्याला त्या एका शब्दापेक्षा सोपे वाटत होते. हे मला वर्गाच्या मॉनिटरने, तन्वीने, सांगितले. उशिरा येणाऱ्यांची नावे तीच लिहीत असल्यामुळे ती त्याला तिथे रोज पाहत होती.

बुधवारी मधल्या सुट्टीत सुजयने निखिलला जिन्यावर ढकलले. निखिलची हनुवटी फुटली, बाटली फुटली, आणि शिक्षकांच्या खोलीत दहा मिनिटांच्या आत सुजयच्या निलंबनाची भाषा सुरू झाली. सुजयची बाजू कोणी विचारली नाही आणि त्यानेही ती मांडली नाही. साक्षीदार म्हणून तन्वीला बोलावले, तेव्हा तिने ढकलण्याचे जसे घडले तसे सांगितले. तिला तिथेच थांबता आले असते. तिची सहानुभूती उघडच निखिलकडे होती आणि खोलीतल्या सर्वांना तेवढेच ऐकायचे होते. पण ती दारापर्यंत जाऊन परत फिरली आणि म्हणाली, “सर, सुजयच्या बाकावर बघा. ते निखिलने कोरलंय, मी बघितलंय.”

बाकाच्या कडेला कर्कटकाच्या टोकाने ‘हमालाचा पोरगा’ असे कोरलेले होते. अक्षरे लहान आणि सुबक होती, घाईत कोरलेली नव्हती. सुजयचे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. निखिलचे वडील महापे येथील एका कंपनीत संगणकावर काम करतात.

मला दोन गोष्टी एका तागडीत घालायच्या नाहीत. एकाने महिनाभर रोज नक्कल केली आणि दुसऱ्याने एकदा कोरले, म्हणून फिट्टंफाट झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळ ओळखण्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या आहेत: दुखावण्याचा हेतू, वारंवारता आणि बळातील असमानता. पहिल्या दोन कसोट्यांवर सुजयचे वागणे स्पष्टपणे छळ ठरते. तिसरीपाशी मात्र मी अडतो. वर्गात बळ सुजयकडे आहे. तो कबड्डीत पुढे आहे आणि चाळीस मुलांना एका वेळी हसवू शकतो. शाळेच्या फाटकाबाहेर ते बळ निखिलकडे जाते, आणि निखिलला ते ठाऊक असल्याशिवाय त्याने नेमके तेच शब्द कोरले नसते. तन्वी बोलली नसती तर मला यातला अर्धाच भाग दिसला असता आणि सुजय मनातल्या मनात हे अन्यायाचे गाठोडे घेऊन घरी गेला असता.

दोघांना समोरासमोर बसवून माफी मागायला लावा, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले. ते मी केले नाही. ज्याला रोज चिडवले जाते, त्याला चिडवणाऱ्यासमोर बसवले की तो ‘काही नाही सर, मस्करी होती’ एवढेच म्हणतो. मी दोघांशी वेगवेगळे बोललो.

सुजय प्रथम म्हणाला, “सर, तो पण हसतो ना!” मग म्हणाला की निखिल नाटक करतो, कारण सकाळी प्रतिज्ञा म्हणताना तो एकदाही अडत नाही. हे त्याचे निरीक्षण खरे आहे. अडखळणाऱ्या बहुतेक व्यक्ती इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना जवळजवळ अस्खलित बोलतात आणि एकट्याने, लोकांसमोर, ठरलेला शब्द उच्चारायची वेळ आली की अडतात. हे मी त्याला समजावून सांगितले तेव्हा तो खरोखरच चकित झाला. मग मी विचारले, “तो का हसत असेल?” बराच वेळ खाली बघून तो म्हणाला, “नाही हसला तर अजून चिडवतात.” त्याला हे कसे कळले, ते मी विचारले नाही. जाता जाता तो वळून एवढेच म्हणाला, “बाबा हमाल नाहीत सर, माथाडी आहेत. टोळीत आहेत, बोर्डात नाव आहे.”

निखिलशी बोलणे अधिक कठीण गेले. कोरल्याचे त्याने नाकारले नाही, पण त्याचा सगळा राग तन्वीवर होता. ती आपल्या बाजूची आहे असे त्याने गृहीत धरले होते. त्याचे वाक्य पूर्ण करण्याची घाई न करता मी ऐकत राहिलो. “सगळे ह-हसायचे तेव्हा ती गप्प होती, आणि हे मात्र लगेच सांगितलं.”

या वाक्यात तथ्य आहे. फिनलंडच्या ख्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये वर्गातील मुलांच्या भूमिका वेगवेगळ्या करून दाखवल्या. छळणारा आणि छळला जाणारा यांच्याखेरीज मदतनीस असतात, हसून बळ देणारे असतात, लांब राहणारे असतात आणि पाठीशी उभे राहणारे असतात. तन्वी महिनाभर लांब राहणाऱ्यांत होती. तिने मला नंतर सांगितले की तिने निखिलला ‘सरांना सांगू का’ असे विचारले होते आणि त्याने शपथ घालून नको म्हटले होते. तेरा वर्षांच्या मुलीने ती शपथ पाळली, यात मला दोष दिसत नाही. मात्र तिने आणखी एक केले होते, जे निखिलला माहीत नव्हते: पहिल्या दोन बाकांवरच्या मैत्रिणींना तिने न हसण्याची विनंती केली होती. मंगळवारी नक्कल झाली तेव्हा पुढून हसण्याचा आवाज आला नाही आणि सुजयचा विनोद पडला. त्याच दिवशी बाकावरची अक्षरे त्याच्या नजरेस पडली. बुधवारचा धक्का या दोन्हींतून आला असावा, असा माझा अंदाज आहे. म्हणजे तिच्या त्या चांगल्या कृतीचाही जिन्यावरच्या प्रसंगात वाटा असू शकतो. हे मी तिला सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही.

गुरुवारपासून मी हजेरी पुकारणे बंद केले आहे. बाकांकडे बघून खुणा करतो. निखिल वेळेवर येतो. सुजय गप्प असतो, थोडा जास्तच गप्प, आणि वर्गाला त्याची सवय नाही. निलंबन टळले, मोडलेल्या बाटलीचे पैसे सुजय देईल आणि बाक निखिल घासून रंगवेल, असे मुख्याध्यापिकांनी मान्य केले. निखिल तन्वीशी बोलत नाही. तिने मॉनिटरपद सोडण्याची परवानगी मागितली, ती मी लगेच दिली; उशिराची यादी आता मीच लिहितो.

सोमवारी दोन्ही वडिलांना वेगवेगळ्या वेळी बोलावले आहे. निखिलचे वडील सकाळी आठला येतील. सुजयच्या वडिलांचा बाजार दुपारी उतरतो, तेव्हा त्यांच्यासाठी तीनची वेळ ठेवली आहे. बाकाचा विषय निखिलच्या वडिलांपुढे मीच काढणार आहे, कारण त्यांना घरी फक्त हनुवटीचे टाके दिसले आहेत.