दूर्वा एकवीसच, माणसं कितीही

“आम्ही घरात तिघंच. गणपतीच्या साहित्याची तुमची यादी निम्मी केली तर चालेल का? आणि आणायचं कुठून?”

सरसकट निम्मी करू नका. वेगळं बिऱ्हाड केल्याच्या पहिल्या वर्षी मी सासूबाईंची बारा माणसांची यादी घेतली आणि सगळंच अर्धं आणलं. पूजेला बसल्यावर दूर्वा मोजल्या तर अकराच. तेव्हापासून मी यादीचे दोन भाग करते: देवाचं आणि माणसांचं.

देवाचं माप ठरलेलं असतं. एकवीस दूर्वांची जुडी, जानवं, कापसाची वस्त्रं, पाच फळं, विड्याची दहा पानं, पाच सुपाऱ्या, शेंडीचा नारळ, एक हार. घरात तिघं असोत की तेरा, यातलं काही बदलत नाही. तुमच्या गुरुजींची किंवा घरची रीत वेगळी असेल तर तीच धरा.

माणसांबरोबर वाढतात ती सुटी फुलं, अक्षता आणि मोदक. मंत्रपुष्पांजलीला प्रत्येकाच्या हातात फुलं हवीत. दीड दिवसाच्या गणपतीला सहा माणसांत मला अर्धा किलो शेवंती-झेंडू लागतो, तुम्हाला पाव किलो होईल. अक्षता तिघांना अर्धी वाटी खूप झाल्या, पण तांदूळ निवडून घ्या. तुटका दाणा अक्षता म्हणून चालत नाही.

मोदकांचा हिशेब जरा सविस्तर सांगते, कारण चुकतं ते इथेच. एक वाटी तांदळाची पिठी, तेवढंच पाणी, एका मध्यम नारळाचा चव आणि चवाच्या निम्मा चिरलेला गूळ, यात मध्यम आकाराचे दहा-अकरा मोदक होतात. म्हणजे नैवेद्याच्या एकवीस मोदकांना दोन वाट्या पिठी आणि दोन नारळ. सहा माणसांत ते पुरतात. तुम्हा तिघांना वाट्याला सात-सात येतील, म्हणून शेजारी प्रसाद द्यायचं आधीच ठरवा. काही घरी अकरांचाही नैवेद्य असतो. बारा माणसं असतील तर माप दुप्पट. नारळ मात्र एक जास्तीचा आणाच. हलवून पाणी वाजतंय ना ते बघा, आणि डोळे ओलसर किंवा बुरशी धरलेले दिसले तर तो घेऊ नका.

पुण्यात असाल तर जानवं, कापूर, वस्त्रं, सुपाऱ्या हे कोरडं सामान आठवडाभर आधी तुळशीबागेतून आणा. मुंबईकरांना फुलांसाठी दादरचा फुलबाजार आहे. मी फुलं, पत्री, दूर्वा हरतालिकेच्या दिवशी मंडईतून आणते. तयार जुडी तिथेच सोडून बघते, कारण आत पिवळी पाती आणि साधं गवत निघतं. कोवळी, तीन पात्यांची दूर्वा तेवढी ठेवायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळायची.

जास्वंद उमललेली घेऊ नका. संध्याकाळी घट्ट कळ्या आणून पाण्यात ठेवा, सकाळी पूजेच्या वेळी फुललेल्या असतात.