आधी हँडपीसचा हिशोब

"डॉक्टर, क्लिनिकमध्ये हेअर रिडक्शनचा लेझर सुरू करायचाय. मशीन विकत घेऊ, लीजवर घेऊ, की जितका वापर तितके पैसे देऊ?"

नवं क्लिनिक असेल तर पहिले सात-आठ महिने वापरानुसार पैसे द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच पेशंटला सहा ते आठ सेशन लागतात, कारण एका वेळी वाढीच्या अवस्थेत असलेलेच केस लेझरला दाद देतात. त्यामुळे काम हळूहळू साचत जातं. समजा, दर महिन्याला पाच नवे पेशंट आले, प्रत्येकाची सहा सेशन दीड-दीड महिन्याच्या अंतराने ठेवली आणि मध्येच कुणी सोडून गेलं नाही. तरी पहिल्या महिन्यात पाचच सेशन होतात, पाचव्या महिन्यात साधारण २०, आणि ३०चा आकडा दिसायला आठवा महिना उजाडतो. बँकेचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून पूर्ण जातो.

विकत घेणं केव्हा परवडेल हे काढायला मोठा ताळेबंद लागत नाही. महिन्याचा हप्ता, सर्व्हिस करार आणि पुढच्या हँडपीससाठी, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या लेझरच्या मुठीसाठी, बाजूला काढायची रक्कम यांची बेरीज करा आणि तिला एका सेशनच्या सरासरी भाड्याने भागा. उत्तर २० आलं, तर महिन्याला २० सेशनच्या खाली भाडं स्वस्त, वर गेलात की स्वतःचं मशीन स्वस्त. यात प्रत्यक्ष होणारी सेशन धरा. पॅकेजचे आगाऊ जमा झालेले पैसे ही अजून न केलेल्या कामाची जबाबदारी आहे, त्यांच्या जोरावर मशीन बुक करू नका.

आता हँडपीस. डायोड लेझरचा खरा झिजणारा भाग तोच, आणि त्याचं आयुष्य पल्समध्ये मोजतात. समजा, कंपनी एक कोटी पल्स सांगते. १२ बाय १२ मिलिमीटरच्या स्पॉटने, ठसे उमटवल्यासारखं एकेक पल्स देत गेलं, तर दोन्ही पाय पूर्ण करायला साधारण ५,००० पल्स लागतात आणि दोन्ही काखांना १५०च्या आसपास. महिन्याला दोन्ही पायांची दहा आणि दोन्ही काखांची तीस सेशन धरली तर ५४,५०० पल्स होतात. या गतीने एक कोटी पल्स पंधरा वर्षं पुरतील, म्हणजे मोजणी संपायच्या आधी हँडपीस वयानेच दमेल. पण हेच काम कमी ऊर्जेने, हँडपीस सतत फिरवत केलं, तर त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जावं लागतं. समजा आठपट पल्स लागले. मग महिन्याचे ४,३६,००० होतात आणि तोच हँडपीस दोन वर्षंसुद्धा टिकत नाही. म्हणून तुमची पद्धत ठरल्याशिवाय कुठलंही कोटेशन वाचण्यात अर्थ नाही. पल्समागे दर असेल तर हा आठपट फरक थेट तुमच्या बिलात दिसेल.

पल्समागे पैसे देण्यात मला आणखी एक गोष्ट खटकते. स्टाफला पल्स वाचवायला सांगितलं जातं, दोन ठशांमधला ओव्हरलॅप कमी होतो आणि तीन आठवड्यांनी पेशंटच्या पोटरीवर केसांचे सरळ पट्टे उगवलेले दिसतात. शक्य असेल तर सेशनमागे किंवा दिवसामागे दर ठरवा. दिवसावर मशीन आणलं तर सगळे पेशंट त्याच दिवशी बोलवावे लागतात आणि मशीन गाडीतून हादरे खात येतं, म्हणून सुरू करण्याआधी एनर्जी मीटरवर आउटपुट बघा.

डायोड दमला तरी स्क्रीनवर आकडा तोच राहू शकतो, म्हणून त्वचा बघत जा. नेहमीच्या सेटिंगला पाच-दहा मिनिटांत प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक सूज आणि लाली यायला हवी. ती येईनाशी झाली, पेशंट "या वेळी टोचलंच नाही" म्हणू लागले आणि दोन-तीन आठवड्यांत केस गळाले नाहीत, तर मीटर लावा. फ्लुअन्स, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दिलेली ऊर्जा, डोळे झाकून वाढवू नका, विशेषतः गडद त्वचेवर. नवा हँडपीस आला की त्याच सेटिंगला चटका बसतो.

लीज मला एकाच अटीवर पटते: हँडपीस आणि चिलर दोन्ही मासिक रकमेत असावेत. बऱ्याच करारांत त्यांना 'कन्झ्युमेबल' म्हणून बाहेर काढलेलं असतं, म्हणजे मशीन त्यांचं आणि झीज तुमची. आउटपुट ठरलेल्या टक्क्याखाली गेलं तर किती दिवसांत बदली मशीन मिळेल आणि तोवरचं भाडं माफ होईल का, हे करारात लिहून घ्या. वापरानुसार करार करत असाल तर महिन्याची किमान सेशन किती ते विचारा. पहिल्या महिन्यात तुमची पाच असणार आहेत. किमान १५ ठेवलीत, तर तो करार नावालाच वापरानुसार.