आमची वाटचाल: सेलच्या पाच स्टोऱ्या

परभणीत आमचं बुटीक सुरू होऊन सात वर्षं झाली. एक गाळा, दोन शिलाई मशीन, मी आणि माझी जाऊ. सगळं सांगत बसत नाही, आषाढातल्या सेलचंच सांगते, कारण आमचं दुकान खरं तिथं सावरलं.

उन्हाळ्यात आम्ही सांगानेरी प्रिंटच्या कॉटन कुर्त्या सेटनं आणतो. एल आणि एक्सएल महिन्याभरात उडतात, एम आणि डबल एक्सएल लटकून राहतात, आणि एकदा सेट फुटला की गिऱ्हाईक त्या डिझाइनकडं बघतच नाही, कारण तिचा साइज नसतो. लग्नसराई संपली, पेरणीत लोकांचा पैसा गेला, आणि आमचा पैसा हँगरवर अडकलेला. पंचमीला लेकी माहेरी येतात तेव्हा नवा माल लागतो, तो भरायचा कशानं? म्हणून आषाढाच्या शेवटच्या शनिवारी सेल.

पहिल्या वर्षी आम्ही व्हॉट्सॲप स्टेटसला आणि इन्स्टा स्टोरीला टाकलं, "उद्यापासून सेल, ५०% पर्यंत सूट!" टाकलं गुरुवारी रात्री ९ ला, त्या वर्षी सेल शुक्रवारपासून होता. आता स्टोरी २४ तास राहते, तर एका ताईंनी ती शुक्रवारी संध्याकाळी बघितली, त्यांचा "उद्या" शनिवार झाला, आणि जिंतूरहून शनिवारी एसटीनं आल्या तोवर त्यांच्या साइजचं काहीच उरलं नव्हतं. त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. दुसरं म्हणजे "पर्यंत" हा शब्द बारीक अक्षरात होता, लोकांनी सगळंच निम्म्यात धरलं आणि काउंटरवर वाद झाले. चूक आमचीच होती.

तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार, रोज रात्री ९ ला एकच स्लाइड. जुनी जाते तेव्हाच नवी येते, मधे खाडा नाही. "उद्या" हा शब्द बंद, प्रत्येक स्लाइडवर वार, तारीख आणि वेळ, कारण बघणाऱ्या बाईनं आधीची बघितली असेलच असं नाही. आणि मजकूर मधोमध, कारण वर आपलं नाव येतं, खाली रिप्लायची पट्टी येते, एकदा आमचा पत्ताच त्या पट्टीखाली गेला होता.

पहिली स्लाइड मोजणीची. रविवारी दुपारी आम्ही दोघी रॅक रिकामा करून साइजप्रमाणे गठ्ठे लावतो आणि वहीत आकडा घेतो. मागच्या वर्षी लिहिलं ते असं:
"सेल शनिवारी सकाळी १० ला. एकूण २१२ नग. एम ७४, एल १९, एक्सएल २३, डबल एक्सएल ९६. नवीन माल सेलसाठी आणलेला नाही."
एल किती कमी आहेत हे आधीच सांगितल्यानं एलवाल्या बाया पहिल्या तासात येतात, आणि डबल एक्सएलवाल्यांना पहिल्यांदा वाटतं की हा सेल आपला आहे. त्या स्लाइडला जेवढे रिप्लाय आले तेवढे आजवर कशालाच आले नाहीत.

दुसरी भावाची. टक्के नाहीत, सरळ रुपये: "८५० ची कुर्ती ४९९. १२०० चा ड्रेस मटेरियल ७५०." ती कुर्ती आम्हाला ४१० ला पडलेली, म्हणजे ४९९ मध्ये खर्च निघतो, फार काही उरत नाही, पण पंचमीचा माल रोखीनं येतो.

तिसरी फोटोची, आणि इथं सांभाळावं लागतं. एकच नग असलेली सुंदर कुर्ती टाकली की दहा जणी तिच्यासाठीच येतात, नऊ नाराज होऊन जातात. म्हणून निदान सहा नग असतील त्याचाच फोटो, दिवसाच्या उजेडात दुकानाच्या दारात काढलेला, आणि खाली "६ नग, एम आणि डबल एक्सएल".

चौथी नियमांची, छोटीच: "सेलचा माल बदलून मिळणार नाही, उधारी नाही. घालून बघायची सोय आहे. फिटिंग ४० रुपये, सोमवारी मिळेल." हे काउंटरवर सांगितलं तर कडू लागतं, आधी वाचलेलं असलं की कुणी वाद घालत नाही.

पाचवी शुक्रवारी रात्री ९ ला. ती शनिवारी रात्रीपर्यंत दिसत राहते, म्हणजे सेल चालू असताना दुपारी १ ला पण कुणीतरी ती बघायलंय. म्हणून तिच्यावर "शनिवार, सकाळी १० ते रात्री ८" एवढंच आणि रस्त्याची खूण. मग शनिवारी साइज संपला की लगेच वेगळी स्टोरी, "एल संपले", म्हणजे कुणी उगाच भाडं घालून येऊ नये.

मागच्या वर्षी दुपारी साडेबाराला ती टाकली आणि पाच मिनिटांत जिंतूरच्या त्याच ताईंचा फोन आला, "एक्सएल हायेत का गं अजून?" चार होते. दोन बाजूला काढून ठेवले, त्या अडीचच्या गाडीनं आल्या.