पडताळणी की उजळणी?

नववी-दहावीतल्या बऱ्याच गोष्टी पुसट झाल्या. गणिताच्या सरांनी फळ्यावर लिहिलेलं एक गणित मात्र आकड्यांसकट लक्षात आहे. पिशवीत १२ चेंडू, त्यांतले ५ लाल. न बघता, परत न ठेवता ३ काढले, तर निदान दोन लाल असण्याची संभाव्यता किती? पर्याय होते ७/२२, ४/११, ३/८ आणि ५/११.

मी दोन मिनिटांत ५/११ वर खूण केली. ५ लालांतून २ निवडायचे १० प्रकार, उरलेल्या १० चेंडूंतून तिसरा कोणताही, म्हणजे १००. एकूण निवडी २२०. सरांनी विचारलं, "तपासलंस?" मी म्हणालो, "हो सर, दोनदा केलं." त्यावर ते म्हणाले, "दोनदा केलंस ही उजळणी झाली. पडताळणी कुठे आहे?" वर्ग हसला, मीही हसलो. कळलं काहीच नव्हतं.

मग त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि निवड हा शब्दच वापरायला बंदी घातली. चेंडू एकेक करून बाहेर काढायचे. पहिला लाल ५/१२, दुसरा लाल ४/११, तिसरा लाल नसलेला ७/१०. गुणाकार १४०/१३२०. लाल नसलेला चेंडू पहिला, दुसरा किंवा तिसरा येऊ शकतो, म्हणून तिप्पट, ४२०/१३२०. तिन्ही लाल असण्याचे ६०/१३२०. बेरीज ४८०/१३२०, म्हणजे ४/११. माझं उत्तर ५/११. छेद तोच, अंशात एकाचा फरक.

चूक मला शोधायला लावली, आणि ती सापडायला बाकी तास गेला. समजा तिन्ही लाल आले: अ, ब, क. माझ्या पद्धतीत अ-ब आधी निवडून क नंतर घेतला, तरी मोजला. अ-क आधी आणि ब नंतर, तरी मोजला. ब-क आधी आणि अ नंतर, तरीही मोजला. एकच त्रिकूट तीनदा. तीन लालांची त्रिकुटं १०, ती ३० म्हणून मोजली गेली. जास्तीचे २० काढले की १०० चे ८० होतात आणि ८०/२२० म्हणजे ४/११. पहिल्या वाटेने पन्नासदा गेलो असतो तरी हे दिसलं नसतं, कारण खड्डा त्याच वाटेवर होता. त्यातून गंमत अशी, की ती चूक करणाऱ्याला हवं असलेलं उत्तर पर्यायांत तयार ठेवलेलं होतं. ७/२२ हे 'नेमके दोन' धरणाऱ्यासाठी. चेंडू परत ठेवले असं समजणाऱ्याला ३२५/८६४ मिळतं, सुमारे ०.३७६, तो दशांश बघून ३/८ कडे वळणार. बरोबर उत्तर सुमारे ०.३६४. अशा वेळी अंदाज कामाचा नाही.

३/८ मात्र सर फार झटपट उडवायचे. सगळ्या निवडी २२०, मग उत्तर कितीही संक्षिप्त केलं तरी छेदाने २२० ला भाग जायलाच हवा. ८ ने जात नाही. संपलं. पण ७/२२, ४/११, ५/११ हे तिन्ही या चाळणीतून निघून जातात, म्हणून हे काम अर्धंच.

मला सर्वांत आवडलेली तपासणी त्यांनी दुसऱ्या दिवशी दिली. ० लाल ३५, १ लाल १०५, २ लाल ७०, ३ लाल १०. बेरीज २२० होतेच. आता लालांची सरासरी काढा: १०५ अधिक १४० अधिक ३०, म्हणजे २७५, भागिले २२०, सव्वा. इकडे ३ चेंडूंपैकी प्रत्येक लाल असण्याची शक्यता ५/१२, म्हणून तिप्पट, तेही सव्वा. पूरक घटनेचा मार्ग, म्हणजे २२० मधून ० आणि १ लालाचे मिळून १४० वजा, हाही ८० देतो. पण तो त्याच २२० वर उभा आहे. २२० च चुकलं असतं तर तोही सोबत चुकला असता. म्हणून सर त्याला 'चुलतभाऊ' म्हणायचे, परका साक्षीदार नव्हे.

पुढच्या चाचणीत तशाच धाटणीचं गणित आलं. मी दोन्ही वाटांनी केलं, दोन्हीकडे तेच उत्तर, छेदही चाळणीतून गेला. ऐटीत पेपर दिला. परत आला तेव्हा शून्य गुण होते, आणि लाल शाईचं वर्तुळ माझ्या आकडेमोडीवर कुठेच नव्हतं. ते होतं प्रश्नपत्रिकेतल्या 'निदान' या शब्दाभोवती. मी तो 'नेमके' असा वाचला होता.