कपाटाच्या पल्ल्याचे सुटलेले लॅमिनेट : कामाची नोंद

स्वयंपाकघरातील मोरीशेजारच्या कपाटाचे काम या आठवड्यात मार्गी लागले. पल्ल्याच्या खालच्या कडेला लॅमिनेट साधारण ४५ सेंटिमीटर लांबीत सुटले होते आणि आत १२ सेंटिमीटरपर्यंत पोकळी झाली होती.

सुटलेला भाग हलकेच उचलून प्रथम आतील बाजू पाहिली, कारण सुटण्याचे कारण तेथेच दिसते. लॅमिनेटच्या पाठीला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर डिंक शाबूत असून प्लायवूडचा वरचा पापुद्राच फाटलेला असतो. अशा वेळी आधी प्लायवूड दुरुस्त करावे लागते. येथे पाठ स्वच्छ होती, आणि प्लायवूडवर पांढऱ्या डिंकाचा पातळ थर राहिला होता, जो नखाने खरवडताच मऊ पडून निघत होता. पल्ल्याची खालची कड उघडीच ठेवलेली असल्याने फरशी पुसतानाचे पाणी आत शिरत गेले आणि ओलाव्याने मऊ पडणारा हा डिंक हळूहळू सुटला. प्लायवूड फुगलेले नव्हते, त्यामुळे पल्ला बिजागरीतून काढून सावलीत पूर्ण वाळू दिला. सोलापूरच्या कोरड्या हवेचा एवढा एक फायदा आहेच.

जुना डिंक पाणी लावून काढण्याचा मोह टाळावा, कारण तो ओलावा पुन्हा लाकडातच मुरतो. पातळ पत्रीने कोरडे खरवडून, लाकडी पट्टीला गुंडाळलेला ८० नंबरचा पॉलिश पेपर दोन्ही पृष्ठांवर फिरवला आणि धूळ ब्रशने बाहेर काढली. हे करताना लॅमिनेट दोन बोटांपेक्षा जास्त उचलले नाही. एक मिलिमीटरचे लॅमिनेट वाकते असे वाटत असतानाच तडकते.

कॉन्टॅक्ट अॅडेसिव्ह, म्हणजे सुतार वापरतात तो पिवळसर रबरी डिंक, दोन्ही पृष्ठांवर लावून, तो वाळल्यानंतरच ती एकमेकांना भिडवायची असतात. ओले असताना दाबल्यास त्यातील द्रावक आत कोंडतो, आणि काही दिवसांनी त्याच जागी फुगा येतो. सुटलेल्या कडेच्या बाबतीत अडचण अशी की फट आपोआप मिटू पाहते. म्हणून डिंक लावल्यावर खराट्याच्या कोरड्या काड्या कडेला काटकोनात आत सरकवून ती उघडी ठेवली. प्लायवूड डिंक पिऊन टाकते, त्यामुळे त्यावर एक पातळ हात वाळल्यावर दुसरा दिला. लॅमिनेटला एकच पुरला. जेथे लॅमिनेट अजून चिकटलेले आहे त्या रेषेपाशी डिंक साचू दिला नाही, कारण तेथील गोळा पुढे बाहेरून उंचवटा म्हणून दिसतो. या डिंकाची वाफ पेट घेते, म्हणून काम व्हरांड्यात, शेगडीपासून दूर केले.

डिंक वाळला हे घड्याळापेक्षा बोटाच्या पाठीने ओळखावे : स्पर्शाला चिकट वाटतो, पण बोटाला लागून येत नाही. डब्यावर दहा ते वीस मिनिटे लिहिलेले असले, तरी आपल्याकडच्या उन्हाळी दुपारी वरच्या वर साय धरते आणि खाली ओल राहते. त्यामुळे सकाळचीच वेळ निवडली आणि पंखा बंद ठेवला.

चिकटवताना मधल्या काड्या आधी ओढल्या आणि मग दोन्ही टोकांकडे सरकत गेलो. दोन्ही थर भिडले की लॅमिनेट सरकवता येत नाही, म्हणून प्रत्येक काडी काढण्यापूर्वी कड जुळते आहे का, ते पाहिले. दाब चिकटलेल्या रेषेपासून मोकळ्या कडेकडे दिला, जेणेकरून हवा बाहेर पडेल. रोलर नसल्यास सरळ, दंडगोल लाटणे चालते. मध्ये फुगीर असलेले लाटणे फक्त मध्येच दाबते आणि बाजू तशाच राहतात. त्यानंतर सपाट ठोकळ्याखाली जुन्या सोलापुरी चादरीचा एकच पदर ठेवून रबरी हातोडीने ठोकले, प्रत्येक ठोक्याला आधीच्या जागेचा अर्धा भाग पुन्हा घेत. चादरीच्या दोन-तीन घड्या घातल्या, तर मऊपणामुळे ठोक्याचा जोर पसरून वाया जातो. अगदी कडेवर ठोका देताना ठोकळा अर्धा बाहेर लटकू दिला नाही, नाहीतर कडेचा टवका उडतो.

या डिंकाला दाब जोराचा हवा, दीर्घकाळ नव्हे. तरीही लॅमिनेट सुटलेल्या स्थितीत बाहेर वळले असल्यास ते सतत डिंकाला ओढत राहते आणि रबरी डिंक अशा ओढीने हळूहळू सरकतो. येथे थोडा बाक होताच, म्हणून सरळ लाकडी पट्टी आडवी लावून क्लॅम्प रात्रभर ठेवले.

सकाळी नखाने टिचक्या मारत पूर्ण कड तपासली. डाव्या कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागी पोकळ आवाज आला. तेथे हेअर ड्रायरने लॅमिनेट हाताला सोसवेल इतके गरम करून ठोकळ्याने पुन्हा दाबले, तेव्हा आवाज भरीव झाला. खालच्या उघड्या कडेला आता वॉर्निशचे दोन हात द्यायचे आहेत. ते वाळल्यावरच पल्ला बिजागरीला लावेन.