मुळं पिवळी, बाकी केस तांबूस

गेल्या दिवाळीआधी मी घरीच केस ब्लीच केले. आधी कधी रंग लावलेला नव्हता, त्यामुळे सगळीकडे सारखंच होईल असं मी धरून चालले होते. ब्लीच पावडर ज्यात कालवतात तो डेव्हलपर जास्त जोराचा, ३० व्हॉल्यूमचा घेतला आणि मेंदी लावतात तसा भांगापासून सुरू करून टोकांपर्यंत ब्रश फिरवला. अर्ध्या तासाने धुतलं, तर टाळूलगत बोटभर पट्टा उजळ पिवळा आणि त्याखाली सगळे केस गंजलेल्या पत्र्यासारखे तांबूस. लांबून बघणाऱ्याला फक्त तो पट्टाच दिसायचा. मला रडू आलं.

ओळखीच्या पार्लरवाल्या ताईंनी कारण सांगितलं. डोक्याच्या उष्णतेने ब्लीचचं काम जोरात चालतं, आणि ही ऊब टाळूपासून साधारण एक-दीड सेंटिमीटरपर्यंतच पोचते. तिथले केस नवे असतात, रंग पटकन सोडतात. आपल्या काळ्या केसांतून रंग उतरताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा असे टप्पे येतात. माझी मुळं पिवळ्यापर्यंत पोचली होती, बाकी केस नारिंगीतच अडकले होते. त्यात मी ब्लीच सगळ्यात आधी मुळांनाच लावलं, म्हणजे त्यांना वेळही जास्त मिळाला. ३० व्हॉल्यूम तर टाळूजवळ लावायलाच नको होतं.

त्यांनी पुन्हा ब्लीच केलं नाही. फक्त मुळांवर, ओल्या केसांत, लांबीपेक्षा किंचित गडद आणि राखाडी झाक असलेला डेमी-परमनंट रंग लावला आणि कडेला तो बोटांनी खाली पसरवला. दर दोन-तीन मिनिटांनी एक बट पुसून बघत होत्या, कारण ब्लीच झालेला केस रंग भराभर पितो. हा रंग काही आठवड्यांत धुऊन जातो, तेवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं.

मार्चमध्ये धाकट्या बहिणीचे कोरे केस करायचे होते, तेव्हा क्रम उलटा केला. आधी मागून एक बट घेऊन तपासली. मग टाळूपासून दोन बोटं सोडून मधल्या लांबीला आणि टोकांना २० व्हॉल्यूममध्ये कालवलेलं ब्लीच लावलं. ते नारिंगीच्या पुढे सरकायला लागलं, तेव्हा म्हणजे पंचवीसेक मिनिटांनी, मुळांसाठी ताजं ब्लीच कालवलं, २० व्हॉल्यूममध्येच. ड्रायर लावला नाही, डोकं प्लास्टिकने झाकलंही नाही. पंधरा मिनिटांत मुळं लांबीच्या रंगाला येऊन मिळाली आणि लगेच धुतलं.

पुढे मुळं वाढली की एक-दीड सेंटिमीटर होताच करून घ्यायची, असं ताईंनी बजावलंय. तोवर सगळी वाढ उबेच्या पट्ट्यातच असते. चार सेंटिमीटर वाढू दिली, तर वरचा भाग उजळ होतो आणि खाली एक गडद पट्टी राहते.

बहिणीच्या कपाळाजवळचे बारीक केस मात्र जरा जास्तच फिकट झाले. पुढच्या वेळी तिथे ब्लीच सगळ्यात शेवटी लावणार आहे.