हातमोज्यांना कुलूप आणि सिलिकॉन उघड्यावर : आमच्या स्टोअरचं एबीसी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहान फाउंड्रीत मी स्टोअर सांभाळतो. घर येळ्ळूरला, त्यामुळे सकाळी सर्वांत आधी येऊन स्टोअरचं शटर उघडण्याचं काम माझंच. 2024 च्या मार्चअखेरीस मालाची मोजणी झाली आणि पुस्तकातला साठा व हाताशी असलेला साठा यांत मोठी तफावत निघाली. साहेबांनी विचारलं, "आपण सगळ्यात जास्त लक्ष कशावर ठेवतो?" मी खरं तेच सांगितलं. हातमोजे, ड्रिल बिट आणि बेअरिंग कुलपात असतात. वितळलेल्या लोखंडात घालायच्या फेरो सिलिकॉनची पोती भट्टीशेजारी भिंतीला लावलेली असतात, लागतील तशी उचलली जातात.

"मग वर्षभरात कशावर किती रुपये जातात ते मांडून दाखवा," असं ते म्हणाले. त्यातून हे एबीसीचं काम माझ्याकडे आलं.

पद्धत ऐकायला सोपी आहे. प्रत्येक वस्तू वर्षभरात किती वापरली गेली, त्याला तिच्या दराने गुणायचं. आलेली रक्कम मोठ्यापासून लहानाकडे लावायची आणि वरून बेरीज करत जायची. थोड्याच वस्तू बहुतेक रक्कम खातात, त्या ए. मधल्या बी. उरलेल्या शेकडो वस्तूंची मिळून रक्कम किरकोळ असते, त्या सी. इथे साठ्यात किती पडून आहे ते धरायचं नाही, वर्षात किती खपलं ते धरायचं. मी आधी शिल्लक साठ्याचीच किंमत लावायला बसलो होतो, पण अकाउंट्सच्या मॅडमनी वेळीच थांबवलं. पडून राहिलेल्या जुन्या मालाची किंमत मोठी दिसते, पण तो रोज हलत नाही, आणि रोजचा पहारा हलणाऱ्या मालावरच हवा असतो.

एप्रिल 2023 ते मार्च 2024 ची यादी काढली तेव्हा 412 नावं निघाली. दोन संध्याकाळी बसून गुणाकार केले, यादी लावली आणि कौतुकाने छापून भट्टीवरच्या तात्यांना दाखवली. ते तीस वर्षं धातू वितळवत आले आहेत. त्यांनी कागदावर बोट फिरवलं आणि हातमोज्यांपाशी थांबले. वर्षाला 1,200 जोड, 45 रुपयांप्रमाणे 54,000 रुपये. त्याच्याही खाली फेरो सिलिकॉन, 26,680 रुपये.

"सिलिकॉन हातमोज्याच्या खाली? असं कसं हुतंय रे?" तात्या म्हणाले. "दिसाला जवळजवळ एक पोतं जातंय की."

परत जाऊन पाहिलं तर चूक लगेच सापडली. खरेदीचं बिल किलोत असतं, 115 रुपये किलो. स्टोअरमधून माल देताना मात्र चिठ्ठीवर पोती लिहिली जातात, आणि एक पोतं 50 किलोचं. चिठ्ठ्यांवर वर्षभरात 232 पोती होती आणि मी 232 ला 115 ने गुणून मोकळा झालो होतो. एवढ्या एका चुकीने सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक थेट सी मध्ये जाऊन बसली.

मॅडमनी मग एक पडताळणी शिकवली, ती आता मी मोठ्या रकमेच्या प्रत्येक वस्तूला लावतो. सुरुवातीचा साठा, अधिक वर्षभराची खरेदी, वजा अखेरचा मोजलेला साठा, म्हणजे खरा खप. फेरो सिलिकॉनचा सुरुवातीचा साठा 900 किलो, खरेदी 12,400 किलो, अखेरचा साठा 1,300 किलो. म्हणजे वापर 12,000 किलो, रक्कम 13 लाख 80 हजार. चिठ्ठ्यांप्रमाणे तो 11,600 किलोच येत होता. मधल्या 400 किलोंचा, म्हणजे आठ पोत्यांचा, कुठेच हिशोब नव्हता. आठ पोती म्हणजे 46,000 रुपये. वर्षभराच्या सगळ्या हातमोज्यांची किंमत 54,000 आणि कुलूप मात्र हातमोज्यांना होतं. हे कळल्यावर मी बराच वेळ त्या कपाटाच्या चाव्या हातात घेऊन बसलो होतो.

दुसरा घोटाळा वाळूचा. आमच्याकडे दिवसपाळीचा मुलगा मराठीत लिहितो, रात्रपाळीचा कन्नड बोलणारा आहे आणि बिलं इंग्रजीत येतात. त्यामुळे एकच सिलिका वाळू यादीत तीन नावांनी होती, 'वाळू', 'मरळु' आणि 'सॅण्ड'. 160 टन, 90 टन आणि 50 टन असे तिचे तीन तुकडे झाले होते आणि तिन्ही यादीत वेगवेगळ्या जागी विखुरले होते. शिवाय दरही चुकीचा धरला होता. वाळू सिंधुदुर्गातून घाट चढून येते, तिचा मूळ दर किलोला 1 रुपया 20 पैसे, पण गाडीभाडं धरून दारात पडते ती अडीच रुपयांना. तिन्ही नावं एक केली आणि भाड्यासकट दर लावला, तेव्हा 300 टनांचे साडेसात लाख झाले. अशी जुळी नावं शोधायला चार दिवस गेले. 412 ची यादी 371 वर आली.

दर कोणता धरायचा यावर थोडा वाद झाला. कोल्हापूरकडून माल आला की बिलात आयजीएसटी, बेळगावातूनच घेतला की सीजीएसटी आणि एसजीएसटी. माझ्या पहिल्या यादीत काही दर करासकट होते, काही कराशिवाय. आम्हाला कर परत वजा मिळतो, म्हणून तो दरात धरायचा नाही. भाडं मात्र परत मिळत नाही, ते धरायचं. आणि शेवटच्या बिलाचा दर न घेता वर्षभराची एकूण रक्कम भागिले एकूण वजन असा सरासरी दर काढायचा, कारण भंगाराचा भाव महिन्या-महिन्याला बदलतो.

आता यादी नीट झाली असं वाटलं, पण एक वेगळीच अडचण समोर आली. एकूण वार्षिक रक्कम 2 कोटी 85 लाख. त्यातलं एकट्या लोखंडी भंगाराचं 1 कोटी 47 लाख आणि पिग आयर्नचं 63 लाख. दोन वस्तूंनी मिळून जवळजवळ 74 टक्के रक्कम गिळली. वरच्या साधारण 70 टक्के रकमेच्या वस्तू ए, या नेहमीच्या नियमाप्रमाणे ए मध्ये या दोनच वस्तू, आणि जिच्यात आठ पोती हरवली ती वस्तू बी मध्ये. भंगार आणि पिग आयर्नवर नियंत्रण तर वजनकाट्यावर आधीपासूनच होतं. त्यांचं महत्त्व सांगायला यादीची गरज नव्हती.

म्हणून त्या दोन्ही वस्तू ए ठरवून बाजूला काढल्या आणि उरलेल्या 369 वस्तूंची, 75 लाखांची, वेगळी यादी लावली. एखादी फार मोठी वस्तू बाकीच्यांना झाकत असेल तर असं करावं, हे माझं ठाम मत झालं आहे. एक्सेलमध्ये वापर सी रकान्यात, दर डी मध्ये, आणि पुढची दोन सूत्रं ई आणि एफ मध्ये. दुसरं सूत्र यादी मोठ्यापासून लहानाकडे लावल्यानंतरच अर्थ देतं.

```
=C2*D2
=SUM(E$2:E2)/SUM(E$2:E$370)
```

वर फेरो सिलिकॉन 13.8 लाख, मग कार्बन वाढवायचा कार्ब्युरायझर 9.8, कोअरची रेझिन 7.8, वाळू 7.5, बेंटोनाइट 4.8, इनॉक्युलंट आणि सिरॅमिक फिल्टर प्रत्येकी 3.6, कोल डस्ट 3.5. या आठ वस्तूंपाशी बेरीज 54.4 लाखांवर, म्हणजे साडेबाहत्तर टक्क्यांवर पोचली. नववी वस्तू एकदम 2.1 लाखांवर घसरते. मी रेघ तिथेच मारली. 70 किंवा 80 हा आकडा गाठण्यासाठी रेघ ओढण्यापेक्षा रक्कम जिथे स्पष्ट तुटते तिथे थांबणं मला योग्य वाटतं. पुढच्या 46 वस्तू बी, 92 टक्क्यांपर्यंत. उरलेल्या 315 वस्तू सी, आणि त्या सगळ्यांची मिळून रक्कम फक्त 6 लाख.

सी साठी कॉटन वेस्ट, नटबोल्ट असं सगळं दोन डब्यांवर टाकलं, आणि रकमेने बी मध्ये बसणारे हातमोजेही त्यातच घातले. पहिला डबा संपला की मागणी लिहायची आणि दुसरा उघडायचा, मोजणी सहा महिन्यांनी. कपाटाचं कुलूप काढलं. बी ची मोजणी महिन्याला. वाचलेला सगळा वेळ ए वर लावला.

फेरो सिलिकॉनची पोती भट्टीवरून उचलून आत आणली. आता पोतं स्टोअरमध्ये फुटतं, दहा-दहा किलोच्या बादल्या वजन करून जातात आणि चिठ्ठीवर हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या घाण्याचा, नंबर असतो. दर सोमवारी सकाळी मोजणी, अर्धं पोतंसुद्धा काट्यावर. तिसऱ्याच सोमवारी एक पोतं कमी आलं. विचारपूस केली तर शनिवारी रात्री मी नसताना एका हीटला माल घाईत गेला होता आणि चिठ्ठी राहिली होती. कुणी नेलेलं नव्हतं, भट्टीतच गेलं होतं. पण वर्षभर हे असंच होत राहिलं की मार्चला आठ पोती हवेत विरतात, आणि तेव्हा कुणाला काही आठवत नाही. आठवड्याच्या आत विचारलं म्हणून आठवलं.

मोजणीसोबत मी टनामागे किती किलो सिलिकॉन लागलं तेही लिहितो. आमच्याकडे सरासरी 17 किलो पडते. एका आठवड्यात ती 19 वर गेली आणि मी घाबरून तात्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की पिग आयर्नची गाडी उशिरा आल्यामुळे त्या आठवड्यात भंगार जास्त टाकलं. पिग आयर्नमध्ये सिलिकॉन मुळातच असतं, पोलादी भंगारात ते फार थोडं, म्हणून वरून जास्त घालावं लागतं. तेव्हापासून त्या आकड्याशेजारी भंगार आणि पिग आयर्नचं प्रमाणही लिहितो, नाहीतर चोरी नसताना संशय येतो.

रेझिन ए मध्ये आली तरी तिचा साठा वाढवता येत नाही, ठराविक महिन्यांनंतर ती बिघडते. तिच्या पिंपावर आल्याची तारीख खडूने लिहितो आणि जुनं आधी जातं.

एका बाबतीत मात्र ही यादी मला अजिबात उपयोगी पडली नाही. भट्टीची पाण्याने थंड होणारी केबल. त्या वर्षात ती बदललीच नव्हती, म्हणून वापर शून्य, रक्कम शून्य आणि यादीच्या अगदी तळाला. पण ती गेली आणि दुसरी हाताशी नसली तर भट्टी बंद, दोन्ही पाळ्या बसून. रुपयांचा क्रम हे दाखवू शकत नाही. तात्यांना शेजारी बसवून 371 वस्तूंवरून पुन्हा एकदा नजर फिरवली आणि ज्यांच्याविना काम थांबतं अशा 19 वस्तूंपुढे लाल खूण केली. त्यांतल्या 14 सी मध्ये होत्या. त्या दोन डब्यांच्या पद्धतीतून काढल्या आणि प्रत्येकीचा किमान एक नग कायम ठेवायचा असं ठरवलं. हातमोज्यांचं रिकामं झालेलं कुलपाचं कपाट आता त्यांना दिलं आहे. केबल त्यात मावत नाही, ती त्याच्या वरच्या फळीवर गुंडाळून ठेवली आहे.